शहाजिरे कुवेतला पोचताना

वाशीच्या मसाला बाजारातल्या एका पेढीच्या मुनीमजींचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि त्याखाली एक ओळ: "सर, हे संध्याकाळपर्यंत अरबी करून द्या." फोटोत एक बीजक आणि त्याच्या कोपऱ्यातून डोकावणारे शिपिंग बिल. कागद टेबलावर तिरपा पडलेला, वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर किमतीच्या रकान्यावरून गेलेला, आणि खालच्या ओळीवर पेढीचा गोल निळा शिक्का. माल न्हावा शेवाहून कुवेतच्या शुवैख बंदरात जायचा आहे. तिथला क्लिअरिंग एजंट म्हणतो, वर्णन आणि किंमत अरबीत हवी.

त्याची मागणी गैर नाही. आखातातल्या सहा देशांनी २००३ पासून एकत्र सीमाशुल्क व्यवस्था चालवली आहे आणि तिच्या कायद्यानुसार परक्या भाषेतल्या बीजकाचे अरबी भाषांतर अधिकाऱ्याला मागता येते. बहुतेक मालावर शुल्क किमतीच्या ५ टक्के. म्हणजे मी अरबीत लिहिलेली किंमत आणि मी अरबीत लिहिलेले मालाचे नाव, या दोन गोष्टींवर तिथला हिशोब उभा राहतो. बाकी पत्ते आणि जहाजाचे नाव यांत एखादे अक्षर चुकले तर फोन येतो. या दोन ठिकाणी चुकले तर डबा बंदरात उभा राहतो आणि जागेचे भाडे चढत जाते.

बीजकावर तीनच ओळी होत्या. आकडे इथे सोयीसाठी थोडे बदलले आहेत. पहिली ओळ जिऱ्याची: २५ किलोच्या २०० गोणी, किलोला ३.१० डॉलर, एकूण १५,५००. दुसरी ओळ "ब्लॅक क्युमिन": २५ किलोच्या २० गोणी, किलोला ९.४० डॉलर, एकूण ४,७००. तिसरी हळद पावडर: २५ किलोच्या १२० गोणी, किलोला १.८५ डॉलर, आणि रकमेत शिक्क्याने मधला अंक गिळलेला. पाच हजार आणि शेवटचे पन्नास तेवढे दिसत होते. मधला अंक पाच असेल, आठ असेल, तीनही असेल.

अशा वेळी डोळे बारीक करून अंदाज बांधायचा नसतो, कागदालाच विचारायचे असते. ३,००० किलोला १.८५ ने गुणले की ५,५५० येतात. खाली बेरीज स्वच्छ दिसत होती: २५,७५०. तिच्यातून पहिल्या दोन ओळी वजा केल्या तरी ५,५५० च उरतात. शिवाय खाली अक्षरी रक्कम असते, तीही पंचवीस हजार सातशे पन्नासच सांगत होती. तीन वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे तो अंक पाच. दर १.८५ आहे की १.३५ हा संशयही त्याच गुणाकारात मिटला, कारण १.३५ ने ४,०५० झाले असते आणि रकमेचा पहिला अंक तर स्पष्ट पाच होता. वजनाचीही अशीच ताळेपडताळणी होते. एकूण ३४० गोणी, निव्वळ ८,५०० किलो, रिकामी गोण २०० ग्रॅमची, म्हणजे गोण्यांचे ६८ किलो आणि ढोबळ वजन ८,५६८. पॅकिंग लिस्टवर तेच होते.

ताळा बसला नसता तर? तर मी तो बसवला नसता. नवख्या भाषांतरकाराचा हात इथे हमखास शिवशिवतो. चूक दिसली की दुरुस्त करावीशी वाटते. पण मूळ बीजकावर बेरीज चुकली असेल तर अरबीतही तीच चुकलेली बेरीज लिहायची आणि शेजारी चौकटी कंसात "कजा फिल् अस्ल" लिहायचे, म्हणजे "मुळात असेच". अंक खरोखरच वाचता येत नसेल आणि हिशोबानेही निघत नसेल, तर "घैर मक्रूअ", न वाचता येणारे. दुरुस्ती करायची तर ती निर्यातदाराने मूळ कागदावर करायची आणि नवा फोटो पाठवायचा. मी सुधारलेले भाषांतर आणि न सुधारलेले बीजक अधिकाऱ्यासमोर शेजारी शेजारी गेले, तर संशय मालावर येतो.

नवा फोटो मागवताना मी एक गोष्ट हमखास सांगतो: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि तीन-आठ, एक-सात, शून्य-सहा हे जोड एकमेकांत मिसळतात. आणि कागद खिडकीजवळ सपाट ठेवून वरून सरळ घ्या. तिरप्या फोटोत आणखी एक धोका असतो. रांगा उतरत्या दिसतात आणि लांब वर्णन दुसऱ्या ओळीत गेले की त्याच्यापुढचा दर कुठल्या मालाचा, हे डोळा चुकवतो. त्यामुळे मी फोटो आधी सरळ करून घेतो, मगच वाचतो.

किमतीत दुसरा खोडा स्वल्पविरामांचा. शिपिंग बिलावर तीच रक्कम रुपयांत होती, डॉलरला ८५ धरून २१,८८,७५०. आपला स्वल्पविराम हजारानंतर दर दोन अंकांनी पडतो. अरबीत लाख नावाचा टप्पाच नाही, तिथे शंभर हजार असते. कुवेतचा कारकून २१,८८,७५० पाहील तेव्हा त्याला वाटेल, छपाईत काहीतरी गडबड झाली. म्हणून अंक तेच ठेवून विराम हलवायचे: २,१८८,७५०. पण हा आकडा न्हावा शेवाच्या धक्क्यावरचा, फॉब. कुवेतच्या सीमाशुल्कात किमतीत भाडे आणि विमाही मोजतात. तो हिशोब तिथला एजंट करेल. माझे काम इतकेच, की अरबीत त्या आकड्याशेजारी "फॉब, न्हावा शेवा बंदर" हे शब्द सुटू नयेत. ते सुटले तर तोच आकडा अंतिम किंमत म्हणून उचलला जाऊ शकतो.

भाड्याची पावती कुवेतहून आली होती: १८५.७५० दिनार. आपल्याला सवय पैशांची, म्हणजे टिंबानंतर दोन घरांची. तीन घरे दिसली की हात आपोआप ते टिंब स्वल्पविराम समजतो आणि रक्कम १ लाख ८५ हजार ७५० होऊन बसते. कुवेती दिनारचे १,००० फिल्स होतात, म्हणून तिथे टिंबानंतर तीन अंक येतात. बहारीनचा दिनार आणि ओमानचा रियालही असेच हजारात फुटतात. दुबईचा दिरहम आणि सौदी रियाल मात्र शंभरात. माल कुठल्या देशात चाललाय हे आधी पाहून घेतले की ही चूक होत नाही.

अंक कुठल्या लिपीत लिहायचे? आखातात ज्या अंकांना अरबी लोक "अर्काम हिंदिय्या", हिंदी अंक म्हणतात, ते आपल्यालाच परके वाटतात. त्यांचे शून्य म्हणजे नुसते टिंब आणि पाच म्हणजे गोल, आपल्या शून्यासारखा. शिक्क्याची शाई उडाली की टिंब-शून्य दशांशचिन्ह वाटू लागते. म्हणून मी रकमेत मूळ बीजकावरचेच अंक ठेवतो आणि खाली अक्षरी रक्कम अरबीत पूर्ण लिहितो. ती लिहायला मराठी माणसाला सोपी जाते, कारण अरबीतही पंचवीस म्हणजे "खम्सा व इश्रून", पाच आणि वीस, एकक आधी. शेवटी आपण चेकवर "फक्त" लिहितो तसे "ला घैर".

टंकनात एक खोडसाळ गोष्ट होते. अरबी उजवीकडून डावीकडे, अंक डावीकडून उजवीकडे. अरबी शब्दांमध्ये काळ्या जिऱ्याचा कोड जागा सोडून टाइप केला, तर पडद्यावर त्याचे तुकडे उलट क्रमाने लागतात:

```
टाइप केले:  0909 31 19
दिसले:     19 31 0909
```

संयोगचिन्ह टाकूनही तेच होते. जोडून `09093119` लिहिले की कोड जागच्या जागी राहतो. यातले पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे. कुवेतचा एजंट पहिले सहा घेईल आणि पुढचे आपल्या यादीतून लावेल, म्हणून ते सहा अंक आणि मालाचे वर्णन एकमेकांशी जुळलेच पाहिजेत.

जुळवताना जिऱ्याची पहिली ओळ सोपी होती. अखंड जिऱ्याला एक कोड, दळलेल्या जिऱ्याला वेगळा. बीजकावर "होल" होते, म्हणून अरबीत "कम्मून, हुबूब कामिला, घैर मत्हून" असे लिहिले: अखंड दाणे, न दळलेले. नुसते "कम्मून" लिहून चालले नसते, कारण मग कोड एक सांगतो आणि वर्णन काहीच सांगत नाही. हळदीला "कुर्कुम मत्हून". "इंडियन सॅफ्रन" असे हौशी नाव काही निर्यातदार छापतात, ते शब्दशः अरबीत नेले तर हळदीचे केशर, जाफरान, होते. सुदैवाने या बीजकावर ते नव्हते.

अडले ते दुसऱ्या ओळीवर. "ब्लॅक क्युमिन" म्हणजे शब्दशः "कम्मून अस्वद", काळे जिरे. हे भाषांतर कोशात बिनचूक आणि बंदरात धोक्याचे. अरबीत कम्मून अस्वद हे नाव कलौंजीलाही आहे, जिला तिथे बहुधा "हब्बत अल्-बरका" किंवा "हब्बा सौदा" म्हणतात. आपल्याकडे कलौंजीला कांद्याचे बी म्हणायची चाल आहे, तीही चुकीची, पण तो वेगळा विषय. भारतीय शुल्कयादीत "क्युमिन, ब्लॅक" असा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि बिलावरचा कोड त्याचाच होता. म्हणजे शहाजिरे असण्याची शक्यता जास्त. पण कोड निर्यातदारच टाकतो, आणि "ब्लॅक क्युमिन" म्हणत कलौंजीवर शहाजिऱ्याचा कोड टाकणारेही असतात. किलोला ९.४० डॉलरचा दर शहाजिऱ्याकडे बोट दाखवत होता, पण दरावरून वस्तू ठरवणे हे माझे काम नाही.

अशा ठिकाणी शास्त्रीय नाव कामी येते. शहाजिरे म्हणजे ब्युनियम पर्सिकम, कलौंजी म्हणजे निगेला सटायवा. ते लॅटिन लिपीत अरबी शब्दापुढे बसवले की वाचणाऱ्याला दुसरा अर्थ काढता येत नाही. पण ते नाव मी माझ्या मनाने लिहू शकत नव्हतो. बीजकावर नसलेला शब्द भाषांतरात आला, तर तो निर्यातदाराच्या लेखी होकारानेच यायला हवा.

मुनीमजींना फोन केला. "अहो, काळे जिरे म्हणजे काळेच," ते म्हणाले. मग मी म्हटले, शब्द नको, गोणीतून मूठभर काढा आणि तळहातावर ठेवून फोटो पाठवा. पाच मिनिटांनी आला. दाणे बारीक, लांबट, किंचित वाकलेले, तपकिरी. कलौंजी तिकोनी आणि कोळशासारखी काळी असते. "शहाजिरेच," मी म्हटले. "आता हेच नाव, शास्त्रीय नावासकट, पेढीच्या लेटरहेडवर लिहून पाठवा." तो कागद या वेळी त्यांनी डॉक्युमेंट म्हणून पाठवला.