सरकते ती लीख नव्हे

लीख सरकत नाही. उवेने ती केसाला जिथे चिकटवली, तिथेच ती राहते. पिल्लू बाहेर पडून नुसते टरफल उरले तरी जागा सोडत नाही. म्हणून केस चिमटीत धरून टोकाकडे बोटे ओढली आणि पांढरा ठिपका अलगद पुढे आला, तर ते उवेचे अंडे नाही. एवढे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलींच्या डोक्यावर उवांचे औषध विनाकारण ओतले जाते.

दुसरीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या नियमाप्रमाणे दोन वेण्या, त्या मधल्या सुट्टीतही सुटू नयेत म्हणून सकाळी आईने चांगल्या आवळून घातलेल्या. एक दिवस शाळेतून निरोप येतो, हिच्या डोक्यात लिखा झाल्यात. आई बघते तर खरेच, कपाळाच्या वर आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. औषधाच्या दुकानातून पर्मेथ्रिनचे लोशन आणून लावले जाते, आठवड्याने पुन्हा. ठिपके होते तसेच. आजी म्हणते, "अगं, हल्लीच्या औषधांत दमच नाही. सीताफळाच्या बिया वाटून लाव." या सगळ्या दिवसांत फणीत एकही ऊ आलेली नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

या मुलीच्या केसांवर आहेत ते 'हेअर कास्ट'. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1957 मध्ये त्यांचे वर्णन केले. केस त्वचेच्या आत ज्या खळग्यात वाढतो, तिथे त्याच्याभोवती पेशींचे पातळ आवरण असते. एरवी केस वर येता येता हे आवरण आतच विरून जाते. पण केस रोज ताणला गेला, की आवरणाचा तुकडा सुटून केसाबरोबर बाहेर येतो. तो पांढरट नळीच्या आकाराचा असतो, लांबी साधारण 2 ते 7 मिलिमीटर. दोऱ्यात मणी ओवावा तसा केस त्याच्या मधून गेलेला असतो, म्हणूनच तो खालीवर सरकतो. घट्ट वेण्या किंवा उंच पोनीटेल घालणाऱ्या लहान मुलींमध्ये हे जास्त दिसते. ठिपके कुठे आहेत तेही बोलके असते: जिथे ओढ जास्त, तिथे ते जास्त.

लीख याहून खूप लहान, जेमतेम 0.8 मिलिमीटर. ती लांबट गोल असते आणि केसाच्या एकाच बाजूला, किंचित तिरकी चिकटलेली असते. केस तिच्या मधून जात नाही, शेजारून जातो. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून पाहा, हा फरक बहुधा दिसतो. मादीने सोडलेला चिकट द्राव केसाभोवती घट्ट बसतो, म्हणून लीख काढायची तर नखांनी खरवडत न्यावी लागते. जिवंत लीख दोन नखांमध्ये दाबली की 'टक्' वाजते, हे आपल्या आज्यांना पाठ होते. हेअर कास्ट वाजत नाही, नुसता चुरगळतो. पण रिकामे टरफलही वाजेलच असे नाही, तेव्हा केवळ आवाजावर निकाल देऊ नये.

गंमत अशी, की लांबून लख्ख पांढरी दिसणारी लीख बहुतेकदा रिकामी असते. आत पिल्लू असलेले अंडे फिकट तपकिरी असते आणि काळ्या केसांत सहज लपते. ते शोधायचे कानांमागे आणि मानेवर, केसांच्या मुळाशी. अंडे 7 ते 10 दिवसांत फुटते आणि केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून बरीच दूर दिसणारी लीख सहसा जुनी, फुटून गेलेली असते. आपल्यासारख्या उष्ण हवेत मात्र ऊ मुळापासून लांबही अंडी घालते, म्हणून इथे अंतराचा नियम फार ताणू नये.

तिसरा फसवणारा प्रकार म्हणजे केसांवर राहिलेला थर. जेल, स्प्रे, ड्राय शॅम्पू यांचे वाळलेले कण. बोअरच्या जड पाण्यात साबणाने केस धुतले तर क्षार आणि साबण मिळून बनणारा चिकट पांढरा साका. यांना ठरावीक आकार नसतो. बोटांत चोळले की त्यांची पूड होते किंवा ते फासले जातात. शॅम्पू लावून भरपूर स्वच्छ पाण्याने एकदा केस धुवा. त्यात जे निघून गेले, तो थर होता. लीख अशा धुण्याने जात नाही, आणि हेअर कास्टही सहसा नाही.

चुका फक्त आयाच करतात असे नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांकडून 'उवा-लिखा' म्हणून आलेले 600 हून अधिक नमुने तपासले आणि 2000 साली निष्कर्ष छापले. सुमारे 60 टक्के नमुन्यांतच उवा, लिखा किंवा त्यांचे अवशेष निघाले. बाकी सगळे दुसरेच काही. नमुने पाठवणाऱ्यांत डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या.

खात्री करायची तर ती जिवंत ऊ सापडण्यानेच होते. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावा. त्यात उवांना पळता येत नाही. उजेडात बसून, केसांचे छोटे भाग पाडत, बारीक दातांची फणी त्वचेला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसा. मोठी ऊ 2 ते 3 मिलिमीटरची असते, कापडावर दिसतेच. एकदा काही मिळाले नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा फणी फिरवा. डोके खाजत नाही म्हणून उवा नाहीत असे मात्र धरू नका, पहिल्यांदाच उवा झाल्या तर खाज सुटायला काही आठवडेही लागतात.

नुसत्या संशयावर औषध लावण्यात काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पुन्हा पुन्हा लावलेल्या लोशनने त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, आणि ठिपके न गेल्याने माणूस जास्त जालीम उपायांकडे वळतो. आजीच्या सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावर जखम होऊन भयंकर वेदना होतात. रॉकेल तर डोक्याला लावूच नये, ठिणगी पडली की केस पेट घेतात.

आपल्या मुलीच्या बाबतीत उपाय वेणीतच आहे. वेणी सैल घाला, सुट्टीच्या दिवशी केस मोकळे किंवा ढिले बांधा, असलेले कास्ट फणीने किंवा बोटांनी ओढून काढा. ओढ तशीच राहिली तर ते पुन्हा येतील, आणि वर्षानुवर्षे ताण बसत गेला तर कपाळावरचे केस विरळ होऊ लागतात. शाळेला दोन वेण्या हव्या असतील तर त्या सैलही चालतात, हे वर्गशिक्षिकेशी बोलून घ्या. डोक्यावर जाड खपल्या, लाली किंवा चिवट कोंडा असेल, तर हेअर कास्ट सोरायसिससारख्या त्वचारोगामुळेही होतात. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि शाळेतून पुन्हा निरोप आला, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी एक केस चिमटीत धरून ठिपका सरकतो का ते बघा.