दर वेळी चूक कितव्या हिश्शावर येते?

एक मीटरभर लांबीची धातूची सळई घ्या. तिची दोन्ही टोकं बर्फात बुडवून ठेवली आहेत, म्हणजे तिथं तापमान कायम शून्य अंश. सळईच्या अंगात मात्र सगळीकडून थोडी थोडी उष्णता सोडली जातेय, मध्यभागी जास्त आणि टोकांकडे कमी कमी. बराच वेळ गेला की तापमान स्थिरावतं. प्रश्न इतकाच, की कुठल्या बिंदूवर किती?

संगणक हे गणित सलग सळईवर करत नाही. तो सळईचे समान तुकडे पाडतो आणि तुकड्यांच्या सांध्यांवरच तापमान काढतो. सांध्यांच्या या ओळीला जाळी म्हणतात. प्रत्येक सांध्यावर एकच नियम लावायचा: डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांच्या तापमानांची बेरीज, वजा स्वतःच्या तापमानाची दुप्पट, ही तिथं सोडलेल्या उष्णतेशी ठरावीक प्रमाणात जुळली पाहिजे. पाठ्यपुस्तक सांगतं, की हा नियम दुसऱ्या कोटीचा आहे. (कोटी म्हणजे इथे शंभर लाख नव्हेत आणि शाब्दिक विनोदही नव्हे.) तुकड्याची लांबी निम्मी केली की चूक निम्मी नव्हे, पाव व्हायला हवी. पहिल्या कोटीची पद्धत असती तर निम्मी झाली असती, चौथ्या कोटीची असती तर सोळावा हिस्सा.

पण हे झालं पुस्तकातलं. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम तसं वागतो का, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावं लागतं. त्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेलं गणित घ्यायचं. उष्णता अर्ध्या साइन लाटेच्या आकारात सोडली, तर तापमानही त्याच आकाराचं येतं. उष्णतेचं माप असं ठरवू या, की मध्यावर बरोबर १०० अंश यावेत. आता सळईचे ८, १६, ३२ आणि ६४ तुकडे करून तोच प्रोग्राम चार वेळा चालवू.

| तुकडे | मध्यावरचं उत्तर | चूक | आधीच्या चुकीशी भागाकार | कोटी |
|---|---|---|---|---|
| ८ | १०१.२९५०७ | १.२९५०७ | | |
| १६ | १००.३२१९० | ०.३२१९० | ४.०२ | २.००८ |
| ३२ | १००.०८०३६ | ०.०८०३६ | ४.०१ | २.००२ |
| ६४ | १००.०२००८ | ०.०२००८ | ४.०० | २.००१ |

शेवटचा रकाना कसा आला ते पाहू. चूक ही तुकड्याच्या लांबीच्या कुठल्या तरी घाताच्या पटीत असते, असं धरलेलं आहे. तो घात म्हणजेच कोटी. लांबी निम्मी केल्यावर चूक जितक्या पटीनं घटते, ती पट म्हणजे २ चा तितकावा घात. घात शोधायचा म्हटलं की लॉगॅरिदम आलंच. बारावीत लॉग टेबलची पानं उलटलेल्यांना २ चा लॉग ०.३०१०३ हा आकडा आठवत असेल. पहिला भागाकार ४.०२३२, त्याचा लॉग ०.६०४५७. त्याला ०.३०१०३ नं भागलं की २.००८. सर्वसाधारण सूत्र असं:

```
p = log(E1/E2) / log(h1/h2)
```

`E1`, `E2` या लागोपाठच्या दोन चुका आणि `h1`, `h2` त्या त्या वेळच्या तुकड्याच्या लांब्या. या सूत्राची एक सोय अशी, की सोडलेली उष्णता किती होती, सळई कशाची होती, चुकीपुढचा स्थिरांक काय होता, हे सगळं भागाकारात उडून जातं आणि नुसता घात हातात राहतो.

विद्यार्थ्यांचे असे तक्ते तपासताना मी सर्वांत आधी कोटीचा रकाना बघत नाही, तुकड्यांचा बघतो. एकदा कोटीच्या रकान्यात २.१६, २.०७, २.०४ असे आकडे होते. दिसायला झकास, दोनाकडे शिस्तीत सरकणारे. घोळ डावीकडे होता. त्यानं तुकडे मोजले नव्हते, सांधे मोजले होते: १०, २०, ४०, ८०. पण टोकं धरून १० सांधे म्हणजे तुकडे ९, आणि २० सांधे म्हणजे १९. लांबी निम्मी झालेलीच नाही, ती २.११ पटीनं कमी झाली, आणि छेदात मात्र २ चा लॉग बसला होता. कुंपणाचे खांब आणि खांबांमधली अंतरं यांचा हा जुनाच गोंधळ. प्रोग्रामात खोट नव्हती, खोट तक्त्यात होती. आणि जाळी बारीक होत जाईल तशी ती आपोआप पुसट होते, म्हणून सहसा पकडली जात नाही.

खरी करामत मात्र पुढच्या उदाहरणात आहे, आणि ते कागद-पेन्सिलीनं होतं. सळईचं उजवं टोक बर्फातच ठेवू. डाव्या टोकाला जाड उष्णतारोधक गुंडाळू, म्हणजे तिथून उष्णता आत-बाहेर होणार नाही. उष्णता सगळीकडे सारखी सोडू आणि तिचं माप असं घेऊ, की डाव्या टोकाला १०० अंश येतील. सळईचे चारच तुकडे केले, तर डावीकडून पाच सांध्यांवरची खरी तापमानं अशी: १००, ९३.७५, ७५, ४३.७५, ०. नियम असा, की आतल्या कुठल्याही सांध्यावर शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःची दुप्पट उणे १२.५ आली पाहिजे. मधला सांधा बघा: ९३.७५ अधिक ४३.७५, वजा १५०. उणे १२.५ येतात.

गुंडाळलेल्या टोकाचं काय करायचं? उष्णता वाहत नाही, म्हणजे तिथं तापमानाला चढ-उतार नाही. मनात पहिलं येतं ते हेच, की टोकाचा आणि त्याच्या शेजारचा आकडा सारखा ठेवा. बहुतेक जण तसंच करतात. मग उत्तर येतं: ७५, ७५, ६२.५, ३७.५, ०. हवं तर प्रत्येक आतल्या सांध्यावर नियम तपासा, तो पाळलेला आहे. पण टोकाला चूक २५ अंशांची आहे. तिथून उजवीकडे ती १८.७५, १२.५, ६.२५ अशी उतरत जाते. आत सगळीकडे दुसऱ्या कोटीचा नियम काटेकोर पाळला, फक्त एका टोकाला ढिलाई केली, आणि त्या ढिलाईचा वाटा अख्ख्या सळईला भोगावा लागला.

आता तुकडे ८ केले तर टोकाची चूक १२.५, आणि १६ केले तर ६.२५. भागाकार दर वेळी २, म्हणून कोटी अगदी बरोबर १. चूक कमी होतेय, उत्तर शंभराकडे चाललंय, आलेखही गुळगुळीत दिसतो. नुसतं उत्तराकडे बघणाऱ्याला यात काहीच वावगं दिसणार नाही. तक्त्यातला १ हा आकडा तेवढा सांगतो, की कुठे तरी काम एका पायरीनं हलकं झालंय. कुठे, ते तो सांगत नाही. त्यासाठी चूक सळईवर कशी पसरली आहे ते बघावं लागतं. ती ज्या टोकाकडे चढत जाते, तिथं शोधायचं.

कारण असं, की टोकाचा आणि शेजारचा आकडा सारखा ठेवला, की चढ शून्य होतो तो टोकावर नव्हे, त्या दोघांच्या मध्यावर. आपण सळईचं आवरण अर्धा तुकडा आत सरकवून बसतो, आणि ही सरक लांबीच्या पहिल्या घाताइतकीच असते. उपाय जुना आहे. टोकाच्या पलीकडे एक काल्पनिक सांधा धरायचा, त्याचं तापमान आतल्या शेजाऱ्याइतकंच मानायचं आणि टोकावरही तोच शेजाऱ्यांचा नियम लावायचा. ९३.७५ अधिक ९३.७५ वजा २०० म्हणजे उणे १२.५. आकडे जुळले, आणि पाचही सांध्यांवर चूक शून्य.

इथे टाळ्या वाजवायचा मोह आवरावा. हे उदाहरण फारच सोपं निघालं. खरं उत्तर नुसत्या वर्गाच्या रूपातलं आहे, आणि तसल्या उत्तरावर हा नियम मुळात चुकतच नाही. प्रोग्राम चालवला तर चुकीच्या रकान्यात शून्य येईल, नाही तर संगणकाच्या शेवटच्या अंकांतला कचरा. कचऱ्याला कचऱ्यानं भागून लॉग घेतला की ०.३, उणे १.२ असलं काहीही येतं. दुरुस्तीची कोटी खरंच दोन झाली का हे बघायचं, तर साइनसारखं वर्गाच्या साच्यात न मावणारं उत्तर घ्यावं लागतं. जाळी अतोनात बारीक केली तर हाच कचरा चांगल्या तक्त्याच्याही तळाशी जमतो. दोन, दोन, दोन येता येता कोटी अचानक कोसळते, कधी उणेही होते. त्या ओळी प्रोग्रामाबद्दल काही सांगत नाहीत, फक्त अंक संपल्याचं सांगतात.

खरं उत्तर ठाऊकच नसेल तर? प्रत्यक्ष कामात नेहमी तेच असतं. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं दगडी धरणातले ताण हातानं आकडेमोड करून काढले होते. त्या १९११ सालच्या निबंधातच त्यानं वेगवेगळ्या जाळ्यांवरची उत्तरं एकमेकांशी ताडून अधिक चांगलं उत्तर काढण्याची वाट दाखवली. तिच्या आधारानं कोटीही काढता येते. मात्र जाळ्या दोन पुरत नाहीत, तीन लागतात. चुकांच्या जागी लागोपाठच्या उत्तरांमधले फरक घ्यायचे. पहिल्या तक्त्यातली पहिली तीन उत्तरं घ्या. फरक ०.९७३१७ आणि ०.२४१५४, भागाकार ४.०२९, कोटी २.०१. शंभर हा आकडा कुठेच वापरला नाही. उत्तरं एकदा वर, एकदा खाली अशी हेलकावत असतील, तर भागाकार उणे येतो आणि उणे संख्येचा लॉग घेताच येत नाही. तेव्हा समजायचं, की जाळी अजून पुरेशी बारीक नाही.

कोटी हाती आली की रिचर्डसनचा हिशेब पुढे नेता येतो. कोटी दोन असेल तर शेवटच्या फरकाचा तिसरा हिस्सा त्याच दिशेनं पुढे जोडायचा. १००.०८०३६ मधून ०.०८०५१ वजा केले की ९९.९९९८५. फक्त ३२ तुकड्यांत इतकं जवळ. पण हाच तिसरा हिस्सा गुंडाळलेल्या टोकाच्या ढिल्या प्रोग्रामाला पुस्तकावर विसंबून लावला, तर काय होतं बघा. तिथली तीन उत्तरं ७५, ८७.५ आणि ९३.७५. शेवटचा फरक ६.२५, त्याचा तिसरा हिस्सा जोडला की ९५.८३. तोच फरक आधी तक्त्यात घालून कोटी १ निघाली असती, तर तिसरा हिस्सा न जोडता अख्खा फरक जोडला असता: ९३.७५ अधिक ६.२५, बरोबर १००.