क्लोरीनचा अर्धा आला कुठून?

शाळेतल्या आवर्तसारणीत 17 क्रमांकाच्या चौकटीत क्लोरीन असतो आणि त्याचे अणुवस्तुमान 35.5 दिलेले असते. अणूचे जवळजवळ सगळे वजन केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचे असते, आणि दोघांचेही वस्तुमान ढोबळमानाने 1 धरतात, हे मुले त्याआधीच शिकलेली असतात. मग एखाद्या चौकस मुलीला प्रश्न पडतो: प्रोटॉन अर्धा नसतो, न्यूट्रॉनही अर्धा नसतो, तर हा अर्धा आला कुठून? या प्रश्नाचा नीट पाठपुरावा केला की समस्थानिक म्हणजे काय ते आपोआप उलगडते.

हाच अर्धा एकेकाळी मोठ्या शास्त्रज्ञांनाही छळत होता. लंडनमधले डॉक्टर विल्यम प्राउट यांनी 1815 साली एक कल्पना मांडली होती. सर्व मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ मूलद्रव्ये या नियमात जवळपास बसत, क्लोरीन मात्र बसेना. कितीही काळजीपूर्वक मोजले तरी आकडा साडेपस्तीसच्या आसपासच येई, त्यामुळे ती कल्पना मागे पडली.

उत्तर मिळाले ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. 1919 साली फ्रान्सिस ॲस्टन यांनी अणू वजनानुसार वेगळे करणारे यंत्र उभे केले. अणूंना विद्युतभार द्यायचा, त्यांचा झोत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून न्यायचा आणि तो फोटोच्या काचेवर पाडायचा. हलका अणू जास्त वळतो, जड अणू कमी, म्हणून प्रत्येक वजनाची रेघ काचेवर वेगळ्या जागी उमटते. क्लोरीनच्या रेघा उमटल्या 35 वर आणि 37 वर. साडेपस्तीसवर काहीच नव्हते. 36 आणि 38 वरही रेघा होत्या, पण त्या हायड्रोजन क्लोराइडच्या, म्हणजे क्लोरीनला चिकटलेल्या एका हायड्रोजनमुळे वजन 1 ने वाढल्याच्या होत्या.

म्हणजे क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे आहेत. दोघांतही प्रोटॉन 17 च असतात. पहिल्यात न्यूट्रॉन 18, म्हणून त्याचा अणुवस्तुमानांक 17 + 18 = 35. दुसऱ्यात न्यूट्रॉन 20, म्हणून 17 + 20 = 37. एकाच मूलद्रव्याचे, प्रोटॉनची संख्या सारखी पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले हे अणू म्हणजेच समस्थानिके.

आता अर्ध्याचा हिशेब. निसर्गात क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन 35 चे आणि एक 37 चा असतो. चौघांचे एकूण वस्तुमान 35 + 35 + 35 + 37 = 142. त्याला चारने भागले की 35.5. आवर्तसारणीतला आकडा हा असा सरासरीचा आहे; तेवढ्या वजनाचा एकही अणू जगात नाही. बारकाईने मोजल्यास पहिला प्रकार सुमारे 75.8 टक्के आणि दुसरा 24.2 टक्के भरतो, आणि सरासरी 35.45 येते.

दोन्ही अणूंना क्लोरीनच का म्हणायचे? कारण मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनवर ठरते. 17 प्रोटॉन असले की भाररहित अणूत इलेक्ट्रॉनही 17, आणि रासायनिक अभिक्रिया इलेक्ट्रॉन घडवतात. सोडियमशी दोघांचाही संयोग होऊन मीठच बनते. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठात हे दोन्ही क्लोरीन मिसळलेले असतात आणि चवीवरून ते ओळखता येत नाहीत. त्यांचा फरक दिसतो तो वजनाशी संबंधित गुणांत. वेगळे ओळखायचे तर ॲस्टन यांच्यासारखे वजनावर चालणारे यंत्रच लागते.

उत्तरपत्रिकेत इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, समस्थानिक आणि आयन यांची गल्लत. अणूने इलेक्ट्रॉन घेतला किंवा सोडला की आयन होतो. समस्थानिकांत फरक केंद्रकातल्या न्यूट्रॉनचा असतो. दुसरी, समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी असे समजणे. क्लोरीनचे 35 आणि 37 हे दोन्ही प्रकार पूर्ण स्थिर आहेत. 36 चा क्लोरीन किरणोत्सारी आहे खरा, पण निसर्गात तो इतका नाममात्र आहे की वरच्या सरासरीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

शिक्षकांना एक विनंती. व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी 35.5 हा आकडा लिहा आणि त्यातला अर्धा कुठून आला, ते मुलांनाच शोधू द्या. चार अणूंची बेरीज त्यांनी स्वतः केली, तर व्याख्या पाठ करून घ्यावी लागणार नाही.