चाळीस डब्यांचा हिशेब

कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या या काकू रोज दुपारचे ४० डबे देतात. चार पोळ्या, भाजी, आमटी किंवा उसळ, भात आणि कोशिंबीर. डब्याचे ८० रुपये, रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याचे २६ दिवस काम. काकू गोष्टीतल्या आहेत. आकडे मात्र पुण्यातल्या घरगुती डब्यांच्या धंद्यात सहज दिसतील असेच घेतले आहेत.

काकूंची वही चोख होती. किराणा आणि भाजी मिळून डब्याला ४१ रुपये पडत. पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचा पगार ४० डब्यांवर वाटला की ६ रुपये. एकूण ४७. म्हणजे डब्यामागे ३३ रुपये सुटायला हवेत, आणि महिन्याच्या १,०४० डब्यांचे चौतीस हजारांच्या वर. एवढे पैसे महिनाअखेरीस कधीच हाताशी दिसत नसत. घरखर्चात जात असतील, असं काकू धरून चालत.

मग मुलाला नोकरी लागली. इतके दिवस डबे पोचवायला तोच स्कूटर घेऊन जायचा. त्याच्या जागी कोणी मिळेल का, म्हणून काकूंनी शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काकू, महिन्याचे साडेसहा हजार घेईन. गाडी आणि पेट्रोल तुमचं." काकूंच्या वहीत पोचवण्याचा रकानाच नव्हता. मुलाचा वेळ घरचा, पेट्रोल तो स्वतःच्या खिशातून भरायचा आणि गॅसचे पैसे काका फोनवरून देऊन टाकायचे. तिन्ही खर्च रोज होत होते, पण वहीत एकाचीही नोंद नव्हती.

सुरुवात गॅसपासून झाली. धंद्याला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणं नियमात बसत नाही, त्यामुळे काकूंकडे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर होता. नवा सिलिंडर लावला त्या दिवशी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि रोजच्या चौकटीत गेलेल्या डब्यांचा आकडा लिहीत गेल्या. सिलिंडर बारा दिवसांनी संपला. बेरीज ४८० डबे. सिलिंडरचा दर १,८०० रुपये धरला तर डब्याला पावणेचार रुपये. व्यावसायिक सिलिंडरचा दर सहसा महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, म्हणून कायम लक्षात ठेवायचा आकडा डब्यांचा. ज्या महिन्यात जो दर असेल त्याला ४८०ने भागलं की झालं.

या मोजणीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती मला सर्वांत उपयोगाची वाटते. पुढचा सिलिंडर ४८० ऐवजी ४३० डब्यांतच संपला, तर काहीतरी बिघडलंय हे लगेच लक्षात येतं. बर्नरची भोकं बुजली असतील आणि ज्योत पिवळी येत असेल, उसळीचं कडधान्य पुरेसं भिजत नसेल, किंवा मावशी लाटत असताना रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत राहत असेल. १६० पोळ्या म्हणजे तवा दोन-अडीच तास पेटलेला. तिथे मिनिटामिनिटाला गॅस जातो. गळतीची शंका आली तर मात्र हिशेब बाजूला ठेवून आधी रेग्युलेटर बंद करून वितरकाला कळवायचं.

गॅसचा आकडा छोटा निघाला. पोचवण्याचा तसा नव्हता. मुलाची फेरी पावणेअकराला सुरू होऊन दीडला संपे, म्हणजे पावणेतीन तास. नव्या मुलाचे साडेसहा हजार २६ दिवसांवर वाटले तर रोजचे २५० रुपये. स्कूटर रोज २२ किलोमीटर फिरते. पेट्रोल, ऑइल, टायरची झीज धरून आणखी ८० रुपये. एकूण ३३०, म्हणजे डब्याला सव्वाआठ. मुंबईत डबेवाल्यांचा मोबदला जेवणाहून वेगळा द्यावा लागतो, त्यामुळे डबा पोचवण्याची किंमत तिथे प्रत्येकाला माहीत असते. काकूंच्या ८० रुपयांत ती आत मिसळून गेली होती.

गॅस आणि पोचवणं मिळून १२ रुपये. खरा खर्च ४७ नव्हे, ५९. उरतात २१. महिन्याचे चौतीस हजार नव्हेत, एकवीस हजार आठशेच्या आसपास. त्यातच काकूंची सकाळी साडेपाचपासूनची मेहनत, मंडईतल्या खेपा आणि दुपारची भांडी. त्याला त्या नफा म्हणत होत्या. खरं तर तो त्यांचा पगार होता.

मुलाने एक रविवार बसून फेरीचे तुकडे पाडले. घराजवळच्या दोन मुलींच्या हॉस्टेलांत मिळून १८ डबे जातात. तिथे पस्तीस मिनिटं पुरतात. कोथरूडमध्ये वेगवेगळ्या सोसायट्यांत १५ डबे, तासभर. आणि चांदणी चौक ओलांडून बावधनला ७ डबे, त्यांना जाऊन येऊन सत्तर मिनिटं आणि २२ पैकी १३ किलोमीटर. वेळ आणि अंतर या प्रमाणात वाटलं तर हॉस्टेलचा डबा पोचवायला साडेतीन रुपये पडतात, कोथरूडचा साडेसात, बावधनचा जवळजवळ २२. सव्वाआठच्या सरासरीत हा फरक दिसतच नव्हता. बावधनच्या डब्यावर हाती उरत होते जेमतेम ७ रुपये.

"आई, बावधन बंद कर," मुलगा म्हणाला.

इथे काकू थांबल्या, आणि बरं झालं थांबल्या. बावधन बंद केलं तर नेमकं काय वाचेल, हे त्यांनी त्या गल्लीतल्या मुलालाच विचारलं. फेरी सत्तर मिनिटांनी कमी झाली तरी तो फक्त २,००० रुपये कमी करायला तयार होता, म्हणजे दिवसाचे ७७. गाडीखर्चाचे ४७ वाचतील. एकूण १२४. आणि जाईल काय? सात डब्यांचे ५६० रुपये येणं थांबेल. त्यातून किराणा-भाजीचे २८७ आणि गॅसचे २६ वाचले, तरी २४७ रुपयांची तूट येते. मावशींचा पगार सात डब्यांनी कमी होत नाही. म्हणजे महागडा दिसणारा बावधनचा डबा बंद केला तर रोज १२३ रुपयांचा तोटा होणार. खर्च वाटून दाखवणं वेगळं आणि खर्च खरोखर वाचणं वेगळं. छोट्या धंद्यातले बरेच चुकीचे निर्णय या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

काकूंनी बावधन चालू ठेवलं, तिथल्या डब्याला १० रुपये जास्त लावले आणि त्याच दोन इमारतींत आणखी गिऱ्हाइकं शोधायला सांगितलं. पुढचा प्रत्येक डबा तिथे दोन-तीन मिनिटांत पोचतो. चांदणी चौकापर्यंतची वाट पुन्हा मोजावी लागत नाही. एक कुटुंब दरवाढीमुळे गेलं, तीन नवे डबे मिळाले.

खाड्याचा नियमही बदलावा लागला. आजवर गिऱ्हाईक कधीही "आज डबा नको" म्हणे आणि महिनाअखेरीस ८० रुपये वळते होत. पण एक डबा कमी झाला म्हणून आमटीचं पातेलं लवकर उकळत नाही, मावशी कमी पगार घेत नाहीत आणि स्कूटरला त्याच गल्लीतून जावं लागतं. आदल्या रात्री कळवलं तर वाचतो तो फक्त ४१ रुपयांचा किराणा आणि भाजी. सकाळी दहाला कळवलं तर तोही नाही. आता रात्री आठपर्यंत कळवलेल्या खाड्याचे ४० रुपये वळते होतात, त्यानंतर काही नाही.