‘कधीतरी जेवायला या’ म्हणजे कधी?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आम्हा कुटुंबांना थंडीपेक्षा तिथल्या बोलण्याची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. शेजारीण ‘यू ऑलराइट?’ म्हणते तेव्हा ती तब्येत विचारत नसते. तो नुसता सलाम. ‘हो, तुम्ही?’ एवढं पुरतं. ‘कधीतरी जेवायला या’ हेही बहुधा आमंत्रण नसतं. दिवस आणि वेळ ठरली तरच जावं. तेव्हाच सांगून टाकावं की आम्ही हलालच खातो, दारू घेत नाही, शाकाहारी चालेल. यजमानांना ते आधी कळलेलं बरं वाटतं. टेबलावर बसून नाही म्हटलेलं लागतं. कामावरचा सोबती गंभीर चेहऱ्याने आपल्या छत्रीची थट्टा करू लागला, तर ती बहुतेक वेळा जवळीकच. थट्टा धर्मावर घसरली, तर मात्र हसून सोडू नये.