लिमिट ओलांडल्यावर येणारा ईमेल

1 जून 2024च्या संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि सोमवारी, 3 जूनला निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून 23,264वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली, आकडे अंदाजाबाहेर जाऊ लागले आणि तोच निफ्टी दिवसभरात 21,300च्याही खाली जाऊन अखेर 21,884वर थांबला. एका दिवसात जवळजवळ सहा टक्क्यांची घसरण झाली. बुधवारी त्यातले 736 अंक परत आले. अशा आठवड्यात मुंबईच्या ट्रेडिंग डेस्कवर सौद्यांइतकंच महत्त्व रिस्क मॅनेजरकडून येणाऱ्या एका ईमेलला असतं. ट्रेडरने ठरलेली मर्यादा ओलांडली आहे, हे त्यात लेखी सांगितलेलं असतं.

ही मर्यादा शेअर बाजाराने घातलेली नसते. एक्स्चेंजचे नियम आणि मार्जिन वेगळे. इथे बोलायचंय ते कंपनीने स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या आपल्या ट्रेडरला आखून दिलेल्या रेषेबद्दल. समजा, एका ट्रेडरला 50 कोटींची निव्वळ डेल्टा मर्यादा आहे. याचा अर्थ, त्याचे सगळे ऑप्शन आणि फ्युचर्स मिळून जणू 50 कोटींचा निफ्टी विकत घेतल्यासारखी जोखीम त्याने घ्यावी, त्यापुढे नाही. हा आकडा हवेतून येत नाही. बाजार एका दिवसात पाच टक्के पडला तरी या एका माणसामुळे साधारण अडीच कोटींपेक्षा जास्त नुकसान होऊ नये, हे मालकांनी आधी ठरवलेलं असतं. त्यावरून 50 कोटी येतात.

आता या काल्पनिक ट्रेडरचा त्या आठवड्यातला हिशेब बघू. सोमवारी त्याने गुरुवारी संपणाऱ्या 22,500च्या पुटचे 2,000 लॉट विकलेले आहेत. तेव्हा एक लॉट 25 युनिटचा होता, म्हणजे 50,000 युनिट झाले. पुट विकणाऱ्याला आधी प्रीमियम मिळतो आणि बाजार 22,500च्या वर राहिला तर तो पूर्ण त्याचाच होतो. खाली गेला की तोटा त्याच्या अंगावर. सोमवारी बाजार त्या पातळीपासून बराच वर होता, त्यामुळे पुटचा डेल्टा 0.2च्या आसपास होता. निफ्टी एक रुपया पडला तर त्याला दर युनिटमागे वीस पैसे गमवावे लागत होते. 50,000 युनिटचा हिशेब केला तर जोखीम 10,000 युनिट निफ्टीइतकी, म्हणजे सुमारे 23 कोटींची होते. मर्यादेच्या निम्मीही नाही.

मंगळवारी निफ्टी 21,900च्या आसपास आला तेव्हा त्याच पुटचा डेल्टा 0.8च्या घरात गेला. ट्रेडरने एकही नवा सौदा केला नव्हता, तरी त्याची जोखीम 40,000 युनिटची, म्हणजे जवळजवळ 88 कोटींची झाली. ऑप्शन विकणाऱ्याचं हेच दुखणं आहे. बाजार त्याच्या विरोधात जातो तसतशी त्याची पोझिशन आपोआप वाढत जाते. इथपर्यंत जे घडलं, त्याला निष्क्रिय उल्लंघन म्हणता येईल. बाजाराने माणसाला रेषेपलीकडे ढकललं.

त्यानंतर आपला ट्रेडर म्हणतो, ‘एवढं पडलंय, आता वर येणारच,’ आणि आणखी 600 लॉट विकतो. त्यामुळे जोखमीत 26 कोटींची भर पडते आणि एकूण आकडा 114 कोटींवर जातो. हे उल्लंघन मात्र त्याने स्वतः केलं. पहिल्यासाठी त्याला वेळ द्यायला हवा, दुसऱ्यासाठी जाब विचारायला हवा. रिस्क मॅनेजरची खरी परीक्षा हा फरक सौद्यांच्या वेळा तपासून ओळखण्यात असते.

अशा वेळी आधी फोन जातो. मग लगेच ईमेल, कारण फोनची नोंद राहत नाही. मराठीत मांडायचं तर तो साधारण असा असेल:

‘दुपारच्या मोजणीनुसार तुमचा निव्वळ डेल्टा 114 कोटी आहे. मंजूर मर्यादा 50 कोटी. यातले 88 कोटींपर्यंतचे बाजार पडल्यामुळे झाले. उरलेले 26 कोटी मर्यादा ओलांडल्यानंतर विकलेल्या 600 लॉटमुळे आहेत. या सौद्यांना पूर्वपरवानगी नव्हती. आतापासून जोखीम वाढवणारा एकही सौदा करू नये. बाजार बंद होण्यापूर्वी पोझिशन 50 कोटींच्या आत आणावी. कशी आणणार, ते पंधरा मिनिटांत कळवावं. ते 600 लॉट का विकले, याचा लेखी खुलासा आज संध्याकाळपर्यंत द्यावा. प्रत डेस्कप्रमुख आणि अनुपालन विभाग यांना.’

यात रागाचा एकही शब्द नाही आणि बाजार कुठे जाईल याचा अंदाजही नाही. आकडा, कारण, काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच आहे. ‘जरा सांभाळून’ असं मोघम लिहिलं तर ट्रेडर ते वाचतो आणि बाजूला ठेवतो.

जोखीम 64 कोटींनी कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे निफ्टी फ्युचर्सचे सुमारे 1,170 लॉट विकणं. इथेच खरी अडचण येते. मंगळवारी 21,900ला हे फ्युचर्स विकले असते, तर बुधवारी निफ्टी 22,620वर बंद झाल्यावर फक्त त्या विक्रीवर दोन कोटींहून अधिक तोटा दिसला असता. ट्रेडर म्हणेल, ‘बघा, मला थांबू दिलं असतं तर!’ त्याचं म्हणणं हिशेबाने खरं आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. मंगळवारी दुपारी बुधवारचा भाव कुणालाच माहीत नव्हता. निफ्टी आणखी पाच टक्के पडला असता तर 114 कोटींवर पावणेसहा कोटी गेले असते, मालकांनी मान्य केलेल्या नुकसानीच्या दुपटीहून जास्त. म्हणून उल्लंघन नफ्यात संपलं तरी खुलासा मागायलाच हवा. नफा झाला म्हणून तो माफ केला, तर पुढच्या वेळी तोच ट्रेडर दुप्पट लॉट विकेल.

ईमेल पाठवूनही सगळं बिघडू शकतं, याचं ठळक उदाहरण 2012 सालचं आहे. जे. पी. मॉर्गनच्या लंडनमधल्या एका डेस्कने क्रेडिट डेरिव्हेटिव्हमध्ये प्रचंड पोझिशन उभी केली होती. जानेवारीत संपूर्ण बँकेची जोखीम मर्यादा सलग चार दिवस ओलांडली गेली. सूचना वरपर्यंत गेल्या. उपाय काय झाला? मर्यादा तात्पुरती वाढवली आणि महिनाअखेर जोखीम मोजायचं नवं सूत्र लागू केलं. त्यामुळे त्या डेस्कची कागदावरची जोखीम एका फटक्यात निम्मी झाली. पोझिशन मात्र वाढतच गेली. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने पुढे केलेल्या चौकशीत, वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत वेगवेगळ्या मर्यादा 330हून अधिक वेळा ओलांडल्याचं आढळलं. नुकसान सहा अब्ज डॉलरच्या वर गेलं. धोक्याची सूचना मिळाली नाही, असं तिथे झालं नव्हतं. सूचना आल्यावर पोझिशन बदलायच्या ऐवजी मोजमाप बदललं गेलं.

म्हणून चांगल्या डेस्कवर एक नियम कडक असतो. मर्यादा वाढवता येते, पण पोझिशन घेण्यापूर्वी, लेखी कारण देऊन आणि तिच्यातून ज्याचा बोनस ठरत नाही अशा माणसाच्या सहीने. आपल्या ट्रेडरला निवडणुकीच्या आठवड्यासाठी 100 कोटी हवे होते तर त्याने ते आदल्या आठवड्यातच मागायला हवे होते. तेव्हा रिस्क मॅनेजरने विचारलं असतं, ‘निफ्टी सहा टक्के पडला तर हे पुट किती डेल्टाचे होतील?’ उत्तर कागदावर आलं असतं, तर बहुधा 2,000 लॉट विकलेच गेले नसते.