मोडीचे तीस दिवस आणि चार किरकोळ रजा

पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर वह्यांच्या फोटोंचा पाऊस पडतो. कुणी बोरू आणलेला असतो, कुणी दौत, कुणी आजोबांच्या ट्रंकेतली जुनी खरेदीखतं बाहेर काढून ठेवलेली असतात. चौथ्या दिवशीही उत्साह टिकून असतो. आठव्या-नवव्या दिवसापासून मात्र फोटो आटतात, आणि गट चालवणारा माणूस नेमकी तीच चूक करतो जी टाळायला हवी असते: रात्री दहा वाजता ‘आज अभ्यास न पाठवलेल्यांची यादी’ टाकतो. दुसऱ्या दिवशी यादीतले दोघं परत येतात, चौघं गप्प होतात आणि एखादा गट सोडतो.

मोडी लिपी गटानं तीस दिवसांत शिकायची, ही कल्पना मुळात चांगली आहे. लिपी ही थोड्या-थोड्या तुकड्यांत शिकण्यासारखी गोष्ट. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आणि राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतात. पण नोकरी, घर, प्रवास सांभाळून वर्गाला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांना रोज पंधरा मिनिटांचा धडा परवडतो. प्रश्न शिकवण्याचा कमी आणि चुकलेल्या दिवसाचा जास्त असतो. तीस दिवसांत घरात कुणाला ताप येणार, महिनाअखेरीला बँकेतल्या माणसाला उशीर होणार, लग्नसराईत दोन दिवस गावाला जावं लागणार. हे होणारच आहे असं धरून जो गट आखला जातो, तोच शेवटपर्यंत पोचतो.

तीस दिवसांच्या सामूहिक आव्हानांत सगळ्यांत गाजलेलं होतं अमेरिकेतलं ‘नॅनोरायमो’. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात क्रिस बेटी यांनी वीस-एकवीस जणांना घेऊन एका महिन्यात कादंबरी लिहायचा खटाटोप सुरू केला. पुढच्या वर्षीपासून तो नोव्हेंबरमध्ये होऊ लागला. ध्येय 50,000 शब्दांचं, म्हणजे रोज साधारण 1,667. आता कुणी आठव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत काहीच लिहिलं नाही असं धरू. त्याचे 11,669 शब्द झालेले असतात, उरलेले 38,331 अठरा दिवसांत लिहायचे, म्हणजे रोजचा आकडा 2,130 वर जातो. ज्याला 1,667 जड जात होते त्याला 2,130 कसे झेपणार? चुकलेला दिवस इथे सावकाराच्या व्याजासारखा वाढत जातो. कादंबरीला एवढे शब्द लागतातच, त्यामुळे तिथे इलाज नाही. पण शिकण्याच्या गटाला ही सावकारी लावून घ्यायची गरज नसते, आणि तरी बहुतेक गट ‘मागचा अभ्यास पूर्ण करूनच पुढे या’ असं सांगून ती लावून घेतात.

आणखी एक गैरसमज इथे दूर केलेला बरा. तीस दिवस सलग केलं की सवय लागते, म्हणून एकही दिवस मोडायचा नाही, असं गटांत हमखास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास वेगळंच सांगतो. रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यम अंदाजाने 66 दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला. मधली एखादी संधी हुकली म्हणून एकूण वाटचालीवर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा तिसाव्या दिवशी सवय लागलेली असेल असं आश्वासन कुणी देऊ नये. आणि अकरावा दिवस हुकला म्हणून सगळं ओमफस् झालं, असंही कुणाला वाटू देऊ नये.

आता वीस जणांचा एक गट डोळ्यांसमोर आणू आणि त्याची आखणी करू. सोय अशी की दर सहावा दिवस उजळणीचा. सहा, बारा, अठरा, चोवीस या दिवशी नवीन काहीही नाही, आणि तिसाव्या दिवशी वाचन. उरलेल्या पंचवीस दिवसांचे पाच-पाचचे पाच गठ्ठे होतात. पहिल्या दिवशी अक्षर काढायचंच नाही, फक्त रेषा. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, शक्यतो हात न उचलता. बाळबोधीत वाढलेल्या हाताला हे उलटं वाटतं, म्हणून त्याला एक पूर्ण दिवस द्यावा. दुसऱ्यापासून रोज चार अक्षरं. बाळबोधीशी साम्य असलेली आधी, अगदीच अनोळखी नंतर. वर्णमालेच्या क्रमाचा हट्ट धरायचा नाही. अकराव्या दिवसापर्यंत छत्तीस अक्षरं होतात. तिसऱ्या गठ्ठ्यात बाराखडी. हा गठ्ठा दिसतो तेवढा भयानक नाही, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नसतो: वेलांटी एकच, दीर्घ, उकार एकच, ऱ्हस्व. शुद्धलेखनानं गांजलेल्यांना या दिवशी हमखास आनंद होतो. त्रास असतो तो जोडून आलेल्या काना-मात्रांनी अक्षराचा चेहरा बदलतो त्याचा. चौथ्या गठ्ठ्यात जोडाक्षरं आणि शब्द, पाचव्यात खऱ्या पत्राच्या ओळी.

रोजचा निरोप सकाळी ठरलेल्या वेळी जावा आणि तीसही निरोप गट सुरू होण्याआधी लिहून तयार असावेत. गट चालवणाराच चौदाव्या दिवशी आजारी पडला तर काय, हा विचार फार थोडे जण करतात. निरोपात दोन गोष्टी असाव्यात: पूर्ण धडा आणि त्याचं छोटं रूप. उदाहरणार्थ, आठव्या दिवसाचा निरोप असा: “आजची चार अक्षरं सोबतच्या चित्रात आहेत. शिरोरेषा ओढून प्रत्येक अक्षराची एक ओळ काढा. मग वरचा भाग हातानं झाकून चारही आठवून लिहा. वेळ नसेल तर झाकून लिहायचं तेवढंच करा, एकदाच. पाठवायचं असेल तर फोटो पाठवा, नाहीतर ‘केलं’ एवढं पुरे.” यात छोटं रूप म्हणजे धड्याचा उरलासुरला गाळ नव्हे, आठवून लिहिणं हा त्याचा सगळ्यांत सकस भागच त्यात ठेवलेला आहे. तीन मिनिटांत होणारा धडा असला की ‘आज जमलं नाही’चे निम्मे दिवस वाचतात.

आणि रजा. ऑफिसात असते तशी किरकोळ रजा, प्रत्येकाला चार. कारण सांगायचं नाही, अर्ज करायचा नाही. अशा ‘राखीव’ सवलतीचा परिणाम मारिसा शरीफ आणि सुझन शू या संशोधकांनी तपासला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ध्येय कडकच ठेवलं, पण अडीअडचणीला थोडे दिवस राखून दिले, तेव्हा लोक अधिक चिकाटीनं टिकले. गंमत अशी की लोक ही राखीव पुंजी उठसूट उडवत नाहीत. दिवाळीसाठी रजा साठवून ठेवणारा कारकून हे कुठल्याही संशोधनाआधी सांगू शकला असता.

या आखणीत एखाद्याचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. बँकेत काम करणाऱ्या एका बाईंचे नववा, दहावा आणि अकरावा हे तीन दिवस महिनाअखेरीत गेले असं धरू. छत्तीसपैकी बारा अक्षरं राहिली. बाराव्या दिवशी उजळणी आहे. त्या दिवशी छत्तीस अक्षरांचा तक्ता येतो आणि सूचना एवढीच असते: जी ओळखू आली नाहीत त्यांतली कोणतीही चार निवडा आणि गिरवा. ही सूचना ज्याचा एकही दिवस चुकला नाही त्यालाही तशीच लागू पडते, म्हणून बाईंना वेगळं उभं राहावं लागत नाही. उरलेली आठ अक्षरं तेरा ते सतरा या दिवसांच्या बाराखडीत पुन्हा भेटतात, कारण आखणाऱ्यानं उशिरा शिकवलेली अक्षरंच मुद्दाम तिथे घेतलेली असतात. बाई अठराव्या दिवशी सगळ्यांबरोबर असतात. त्यांनी ‘बॅकलॉग’ भरला कधी, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

हाच प्रसंग यादीवाल्या गटात घडला असता तर? मानसशास्त्रज्ञ जून टँग्नी यांनी लाज आणि अपराधभाव यांत केलेला फरक इथे कामी येतो. ‘माझं हे काम राहिलं’ असं वाटलं की माणूस ते भरून काढायला बघतो. ‘मीच असा आहे’ असं वाटलं की तो तोंड लपवतो. यादी पहिल्या वाक्याची आठवण करून द्यायला निघते आणि दुसरं वाक्य बोलून जाते. त्याहून सभ्य वाटणारा प्रकार म्हणजे खासगी निरोप: “तीन दिवस दिसला नाहीत, सगळं ठीक ना?” हेतू चांगला असतो, पण प्रश्नचिन्ह आलं की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे सबब शोधावी लागते. प्रश्न न विचारणारा निरोप बरा: “उद्या उजळणी आहे, तक्ता सकाळी येईल. मागचं काही लागत नाही.”

कौतुकाचंही तसंच. अंगठे आणि ‘शाब्बास’ यांनी गट गजबजलेला दिसतो, पण त्यातून कुणाचं अक्षर सुधारत नाही. “तुमची शिरोरेषा आज सरळ आली आहे, फक्त अक्षरं तिच्यापासून सुटतायत, पेन न उचलता पुढचं अक्षर काढून बघा” हे वाचणाऱ्याला कळतं की कुणीतरी वही खरंच पाहिली. वीस वह्या एकट्यानं रोज पाहणं अशक्य, म्हणून दोन-दोन जणांच्या जोड्या कराव्यात आणि दर गठ्ठ्याला बदलाव्यात. एक धोका मात्र लक्षात ठेवावा: कुणीतरी उत्साही गृहस्थ तिसऱ्याच दिवशी चार पानं मोडीत लिहून पाठवतात, आणि त्यांच्या मागून आपली वाकडी ओळ टाकायची कुणाचीच हिंमत होत नाही. त्यांना गटातल्या फोटोंऐवजी शेवटच्या गठ्ठ्यासाठी पत्रातल्या ओळी निवडायचं काम द्यावं. ते खूश, आणि गट मोकळा.

गट नीट चालला आहे की नाही हे रोजच्या फोटोंच्या संख्येवरून कळत नाही. ती घटणारच. दोन-तीन दिवस गायब राहून परत आलेले किती, हे मोजावं. बाराव्या दिवसापर्यंत असं एकही माणूस परतलेलं नसेल, तर परतीची वाट कुठेतरी अडली आहे. बहुधा कुणीतरी ‘आधी मागचं पूर्ण करा’ असं म्हणून गेलेलं असतं.

तीस दिवसांनी काय येतं, याचा हिशेब मात्र आधीच सांगून टाकावा. सुवाच्य अक्षरातलं पत्र अडखळत लागायला लागतं, एवढंच. खऱ्या दप्तरात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, फारसी शब्द पेरलेले असतात, आणि लेखनिकाचा हात घाईत असेल तर मुरलेले वाचकही थबकतात. म्हणून तिसाव्या दिवशी परीक्षा आणि प्रमाणपत्रं न ठेवता एकाच पत्राच्या सात ओळी सगळ्यांना पाठवाव्यात. न लागलेल्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करायचा, बाकीचं बाळबोधीत उतरवायचं आणि संध्याकाळी एकत्र बसून गोल सोडवायचे. या सात ओळी चौदाव्या दिवशी थांबलेल्यांनाही पाठवायच्या. त्यांच्या कागदावर गोल जास्त असतील. पण पहिल्याच ओळीतलं ‘रा।।’ म्हणजे ‘राजश्री’ हे एकदा कुणी सांगितलं, की पुढच्या ओळीतलं ‘रा।।’ त्यांनाही लागतं.